कोड परत घेतला, पण ऑर्डरींचं स्टेटस चुकीचंच राहिलं

प्रश्न: काल रात्रीच्या रिलीझने आमच्या हजारो ऑर्डरींवर चुकीचं स्टेटस लिहिलं. सकाळी जुना कोड परत चढवला, तरी डेटा तसाच आहे. रात्रीचा बॅकअप आहे, तो रिस्टोर करून टाकू का? कोणत्या क्रमाने काय करावं?

उत्तर: चालू डेटाबेसवर बॅकअप रिस्टोर करू नका. तो चढवला की चूक जाईल, पण सकाळपासून लोकांनी घेतलेल्या खऱ्या ऑर्डरी, आलेले पैसे, गोदामातून निघालेला माल, या सगळ्या नोंदीही जातील. बॅकअप वेगळ्या डेटाबेसमध्ये उघडा आणि त्याच्याकडे फक्त साक्षीदार म्हणून बघा. नेमकं हेच आमच्यावर गुदरलं होतं, म्हणून तेच सविस्तर सांगतो.

जालन्यातल्या एका बियाणे-खत वितरकाचं ऑर्डरींचं काम आम्ही बघतो. मराठवाडाभरातले कृषी सेवा केंद्रवाले त्यावर ऑर्डर टाकतात. जूनचा पहिला आठवडा होता, मृगाच्या तोंडावर सोयाबीनचं बियाणं आणि डीएपी यांची नुसती झुंबड उडालेली. रिलीझमध्ये रात्री चालणारा एक नवा जॉब होता. पाठवून ७ दिवस झालेल्या ऑर्डरी त्याने आपोआप `DELIVERED` करायच्या होत्या. उधारीवाले दुकानदार स्वतःच गाडी आणून माल उचलतात, म्हणून त्यांच्या पाठवलेल्या ऑर्डरींना ७ दिवसांची अट नको होती. अट अशी लिहिली गेली:

```sql
WHERE status = 'DISPATCHED'
  AND dispatched_at < now() - interval '7 days'
   OR payment_mode = 'CREDIT'
```

`AND` आधी बांधला जातो, `OR` नंतर. शेवटच्या दोन अटींना कंस नव्हता. त्यामुळे उधारीची प्रत्येक ऑर्डर, मग ती मंजुरीला थांबलेली असो की रद्द झालेली, रात्री २ वाजून ५ मिनिटांनी `DELIVERED` झाली. सकाळी सव्वानऊला सेलूच्या एका दुकानदाराचा फोन आला, "माल पोचला म्हणून मेसेज आलाय, माझ्या दुकानात तर एक थैली नाही."

पहिली गोष्ट, जुना कोड चढवण्याआधी लिहिणारा हात थांबवा. आम्ही आधी जॉब बंद केला. मग त्या स्टेटसवर पुढे जे जे चालतं ते थांबवलं: एसएमएसची रांग, उधारी खात्यात रक्कम चढवणारी प्रक्रिया आणि गोदामाची लोडिंग यादी. रोलबॅक त्यानंतर. नव्या रिलीझने एखादं नवं स्टेटस आणलं असेल, तर जुना कोड ते ओळखतो का हेही आधी बघा. आमच्याकडे तसं एक होतं, आणि जुन्या आवृत्तीत त्या ऑर्डरी उघडतच नव्हत्या. शेवटी पूर्ण रोलबॅक सोडून फक्त जॉब काढलेली आवृत्ती चढवली.

दुसरी गोष्ट, काहीही दुरुस्त करण्याआधी चुकीच्या अवस्थेचीही एक प्रत वेगळ्या टेबलात ठेवा. घाईत हे राहून जातं आणि मग दुरुस्तीच चुकली तर परतीची वाट उरत नाही.

आता साक्षीदाराकडे येऊ. आमचा डेटाबेस पोस्टग्रेसचा. रोजच्या पूर्ण बॅकअपबरोबर त्याच्या वॉल फाइली, म्हणजे प्रत्येक बदलाच्या क्रमवार नोंदी, साठवलेल्या होत्या, त्यामुळे जॉबच्या मिनिटभर आधीचं, म्हणजे २ वाजून ४ मिनिटांचं चित्र दुसऱ्या सर्व्हरवर उभं करता आलं. इथे वेळेचा घोळ होतो. आमच्या जॉबचा लॉग भारतीय वेळेत होता आणि डेटाबेस यूटीसीमध्ये. दोन्हींत साडेपाच तासांचं अंतर, म्हणजे डेटाबेसच्या हिशोबाने घटना आदल्या तारखेला रात्री ८ वाजून ३५ मिनिटांची. रिस्टोरची वेळ देताना `+05:30` लिहाच, नाहीतर चूक घडून गेल्यानंतरचं चित्र हाती येईल. तुमच्याकडे फक्त रात्रीचा डंप असेल आणि वॉल फाइली नसतील, तर डंप ते जॉब या मधल्या वेळेतले बदल स्टेटस-इतिहासाच्या टेबलातून किंवा ॲप्लिकेशनच्या लॉगमधून वेचावे लागतील.

बिघडलेल्या ऑर्डरी कोणत्या, हे ठरवण्यात सगळं कौशल्य आहे. आमच्यातल्या एकाने लगेच यादी काढली: जॉबने शेवटचा हात लावलेल्या ऑर्डरी. ती अपुरी होती, कारण सकाळी माणसांनी ज्या ऑर्डरी हलवल्या त्यांच्यावर आता त्या माणसांचं नाव होतं. म्हणून आम्ही उलटीकडून गेलो. २:०४ च्या चित्रावर जॉबची तीच चुकीची अट चालवली, फक्त `now()` च्या जागी जॉब चालल्याची वेळ घातली. त्यातून जॉबने ज्यांना ज्यांना शिवलं त्या सगळ्या आल्या: ६,४१२. मग कंस घालून बरोबर अट चालवली: १,१३०. या १,१३० ऑर्डरी खरोखरच बंद व्हायला हव्या होत्या, त्यांना हात लावायचा नाही. सरसकट सगळ्या मागे फिरवल्या असत्या तर त्यांच्यावर नवी चूक केली असती.

उरल्या ५,२८२. त्यांचा प्रत्येक कॉलम जुन्या चित्राशी ताडून पाहिला आणि तेव्हा लक्षात आलं की २,२०० ऑर्डरी आधीपासूनच `DELIVERED` होत्या. स्टेटस बदललंच नव्हतं, म्हणून त्या कोणाला दिसल्या नव्हत्या. पण जॉबने त्यांची `delivered_at` तारीख आजची करून टाकली होती, आणि उधारीची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते. मार्चमध्ये उचललेल्या मालाची मुदत जूनपासून सुरू झाली होती. तुम्हीही फक्त स्टेटसवर थांबू नका. त्याच अपडेटने आणखी काय लिहिलं ते बघा.

स्टेटस बिघडलेल्या ३,०८२ होत्या. त्यातल्या ४११ ना सकाळपासून कोणीतरी हात लावलेला होता, २,६७१ जशाच्या तशा पडून होत्या. हे ओळखायची एक हमखास खूण सापडली. पोस्टग्रेसमध्ये `now()` ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतो, त्यामुळे जॉबने एका झटक्यात लिहिलेल्या सगळ्या ओळींचा `updated_at` मायक्रोसेकंदापर्यंत एकच होता. ज्या ओळीवर आजही तीच वेळ आहे, तिला नंतर कोणी शिवलेलं नाही. फक्त ती यादी एक्सेलमधून फिरवून आणू नका. वेळेची शेपटी तिथे कापली जाते आणि मग एकही ओळ जुळत नाही.

दुरुस्त करायच्या ऑर्डरींचं जुनं स्टेटस, जुनी तारीख आणि जॉबने लिहिलेली वेळ `fix_list` या टेबलात घेतली आणि दुरुस्तीची अट त्याच खुणेवर बांधली:

```sql
BEGIN;
UPDATE orders o
SET status = f.old_status,
    delivered_at = f.old_delivered_at
FROM fix_list f
WHERE o.id = f.order_id
  AND o.updated_at = f.bad_updated_at;
ROLLBACK;
```

शेवटी `ROLLBACK` आहे ते मुद्दाम. पहिली फेरी फक्त आकडा बघायला. यायला हवे होते २,६७१ अधिक २,२००, म्हणजे ४,८७१, आणि तेवढेच आले. एकाने लिहिलेली क्वेरी दुसऱ्याने वाचली, मग अंबडच्या एकाच दुकानदाराच्या १९ ऑर्डरी खरोखर दुरुस्त केल्या आणि त्याला फोन करून स्क्रीनवर काय दिसतंय ते विचारलं. त्यानंतर उरलेल्या ४,८५२. आमच्या टेबलावर `updated_at` प्रत्येक बदलाला आपोआप बदलतो, त्यामुळे क्वेरी चुकून दोनदा चालली तरी दुसऱ्यांदा शून्य ओळी बदलतात. ही सोय अगदी मनापासून सुचवतो.

आणखी एक सापळा होता. स्टेटस बदललं की एसएमएस रांगेत टाकणारा ट्रिगर त्याच टेबलावर आहे. तो तसाच ठेवला असता तर दुरुस्तीनेच हजारो मेसेज रांगेत लावले असते. आम्ही त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये तो बंद केला आणि शेवटी चालू केला. तेवढा वेळ इतरांचं लिहिणं अडतं, पण पाच हजार ओळींना काही सेकंदच लागले. लाखभर ओळी असतील तर तुकडे करा.

४११ ऑर्डरींना क्वेरी लावली नाही. तीन माणसं दीड दिवस बसली, समोर गोदामाचं गेट पासचं रजिस्टर आणि बिल्ट्यांची फाइल. काही ऑर्डरींचा माल तोवर खरंच निघाला होता. तिथे नवं स्टेटस ठेवलं, तारीख तेवढी सुधारली. सगळ्यात त्रासदायक होत्या त्या दुसऱ्याच. दुकानदाराने फोन केला, काउंटरवरच्या मुलाने भल्या हेतूने जुनी ऑर्डर रद्द करून नवी टाकली. अशी जुनी ऑर्डर "पूर्ववत" केली असती तर गेवराईला एकाच बियाण्याच्या दोन गाड्या गेल्या असत्या. तिथे नवी खरी मानली आणि जुनी रद्दच ठेवली. कागद आणि स्क्रीन जुळेना तिथे सरळ दुकानदाराला विचारलं.

डेटा दुरुस्त झाला तरी त्याचे पडसाद उरतात. `DELIVERED` झालेल्या ऑर्डरींची रक्कम उधारी खात्यात चढली होती, त्यामुळे कित्येक दुकानदारांची मर्यादा संपल्याचं दाखवून सिस्टीम नवी ऑर्डर घेत नव्हती, आणि तेही ऐन पेरणीत. त्या नोंदी पुसल्या नाहीत. प्रत्येकीला मूळ ऑर्डर नंबर देऊन उलट नोंद टाकली, म्हणजे हिशोब तपासणाऱ्याला दोन्ही दिसतात. चुकीच्या एसएमएसचा खुलासा एसएमएसनेच करू म्हटलं, तर मजकूर डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेत, आधी मंजूर लागतो आणि तसा टेम्पलेट आमच्याकडे नव्हता. शेवटी वितरकाच्या सेल्समननी फोन केले. असा एक खुलाशाचा टेम्पलेट आजच मंजूर करून ठेवा.

तपासणीसाठी जुनं चित्र आणि चालू टेबल पुन्हा ताडलं. प्रत्येक फरकाला कारण हवं: बरोबर बंद झालेल्या १,१३०, हाताने सोडवलेल्या ४११ पैकी काही, आणि लोकांनी दिवसभरात खरोखर हलवलेल्या ऑर्डरी. कारण न सापडणारा फरक शून्य होईपर्यंत काम संपलं म्हटलं नाही. जॉब कंसासह परत चालू केला तेव्हा पहिल्या १० रात्री तो काहीच लिहीत नव्हता, कोणत्या ऑर्डरी बंद करणार याची फक्त यादी पाठवत होता.

`fix_list` आणि चुकीच्या अवस्थेची प्रत महिनाभरात उडवू नका. आमच्याकडे खरिपाची उधारी सोयाबीन विकल्यावर, दिवाळीच्या आगेमागे वसूल होते. तेव्हा एक दुकानदार मुदतीच्या तारखेवरून भांडायला आला. त्याच टेबलातून त्याच्या ऑर्डरीची जुनी तारीख, चुकीची तारीख आणि दुरुस्तीची वेळ काढून त्याच्यासमोर ठेवली. त्याने आपली वही काढली, तारीख ताडली आणि चेक लिहिला.