फोटोमागून एक ओळ

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

आई-बाबा घरच्या ग्रुपवर फोटो नुसतेच टाकतात, सोबत काही सांगत नाहीत, म्हणून तू त्यांच्यासाठी लिहिलेली चिठ्ठी वाचली. पानभर झाली आहे आणि ‘संदर्भ द्यावा’ असं तीनदा आलंय. बाबा मान डोलावतील आणि पुढचा फोटो तसाच ढकलतील.

गेल्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या भावाने रात्री अकराला घरच्या ग्रुपवर मनगटाचा एक्स-रे टाकला. सोबत एक अक्षर नाही. फोन सायलेंट करून दादा झोपी गेला. पुण्यातली भाची आणि मस्कतचा पुतण्या रात्रभर एकमेकांना फोन करत बसले. सकाळी कळलं, मनगट शेजारच्या काकांचं होतं. दादाला फक्त हाडांचा चांगला डॉक्टर हवा होता. ‘शेजारच्या काकांचा एक्स-रे, हाडांचा डॉक्टर सुचवा’ एवढं पुरलं असतं. म्हणून चिठ्ठीत दोनच गोष्टी माग: कोणाचा आणि कशासाठी.

व्हॉट्सॲपवर आपण काढलेला फोटो पाठवताना खाली लिहायची जागा येते, ते सोपं. घोळ होतो आलेला फोटो पुढे पाठवताना. तेव्हा आधी फोटो जाऊ द्यावा, मग त्याच गप्पांत जाऊन तो बोटाने उजवीकडे सरकवावा. लिहायच्या जागेवर तो छोटा होऊन बसतो. आता बोललेलं त्याच फोटोला चिकटतं. हे न केल्यास मध्ये चार ‘सुप्रभात’ येतात आणि दादाचं ‘हा आमच्या वेळचा’ नेमकं कुठल्या फोटोचं, ते कुणालाच उमगत नाही.

आईला टायपिंग नको वाटत असेल तर आवाजच बरा. माइक दाबून धरायचा, बोलायचं, बोट उचललं की जातं. बोट मध्येच सुटलं तर अर्धंच वाक्य जातं. हात थरथरत असेल तर माइक वर सरकवून कुलूप लावायला शिकव. मात्र कमी ऐकू येणाऱ्या आत्याला लिहिलेलंच हवं. त्यासाठी कीबोर्डवरच्या माइकला मराठी तूच लावून दे, ते आई-बाबांच्याने व्हायचं नाही.

चिठ्ठी एवढीच:

‘फोटो गेला? तो उजवीकडे सरकवा. माइक दाबून धरा. कोणाचा, कशासाठी, ते सांगा. बोट सोडा.’

जाड स्केचपेनने लिही, चष्म्याशिवाय वाचता येईल अशी, आणि चार्जरच्या बोर्डाशेजारी चिकटव. दादाकडे तिथेच आहे. परवा त्याने ब्रह्मकमळाचा फोटो पाठवला आणि मागून आवाज आला, “हे आपलं नाही, समोरच्यांचं. आपलं अजून कळीत आहे.”

तुझा,
काका