वर्गणीचा हिशोब फेसबुकवर टाकताना नावं नाही, पावती क्रमांक टाका

प्रश्न: आमच्या गावच्या गणेश मंडळावर दरवर्षी "पैसे कुठं गेले?" म्हणून बोंब होते. औंदा हिशोब फेसबुक पेजवर टाकायचा आहे. कसा टाकावा?

उत्तर: देणगीदारांची नावं-रकमेची यादी टाकू नका. ५१ रुपये देणाऱ्याचं नाव ५,००१ वाल्याखाली चारचौघांत लावलं की पुढच्या वर्षी तो दारच उघडत नाही. फक्त पावती क्रमांक आणि रक्कम टाका. ज्याची पावती त्याच्याजवळ असतेच, तो घरबसल्या आपला आकडा ताडून पाहतो. अख्खं गावच मग हिशोब तपासणारं होतं.

समजा आज ४१ ते ७५ पावत्या फाटल्या. त्यातली ५८ नंबरची चुकली, तर ती फेकायची नाही; "रद्द" लिहून दोन्ही भाग पुस्तकातच ठेवायचे आणि पोस्टमध्येही तसंच लिहायचं. क्रमांकात भोक दिसलं की शंका तिथूनच सुरू होते. उरलेल्या ३४ पावत्यांचे रोख ४,६५० आणि फोनवरून २,१०० आले. कालची शिल्लक रोख ३,२०० आणि खात्यात १,५०० होती. मंडपाचा इसार रोख ५,००० दिला. म्हणजे आजची शिल्लक रोख २,८५० आणि खात्यात ३,६००. रोख आणि खातं कधीच एकत्र मांडू नका, नाहीतर पेटीतले पैसे मोजून कोणाला ताळा करता येत नाही.

क्यूआर कोड कोषाध्यक्षाच्या घरखर्चाच्या खात्याचा असेल तर सगळी मेहनत पाण्यात. मंडळाच्या नावाचं खातं नसेल तर दोघांच्या सह्यांचं वेगळं खातं फक्त याच कामाला ठेवा. फोनवरून आलेल्या पैशांचीही त्याच दिवशी पावती फाडा. आणि "देतो" म्हणून बोललेली रक्कम हातात येईपर्यंत जमेत धरू नका. सगळ्यात जास्त भांडणं इथंच होतात.

महाप्रसादासाठी आलेले गहू, तूरडाळ, वांगी किलोतच लिहा. रुपयांत धरले की भावावरून वाद होतो.

खर्चाच्या बिलाचा फोटो टाका, पण दुकानदाराचा मोबाईल नंबर झाका. आचारी, ढोलवाले बिल देत नाहीत. त्यांच्याकडून साध्या कागदावर रक्कम, तारीख आणि सही घ्या.

चूक निघेलच. कोणी म्हणालं, "माझी ६३ नंबरची पावती १५१ ची आहे, तुम्ही १०१ लिहिलं," तर स्थळप्रत काढून पाहा. तिच्यावर १५१ असेल तर जुनी पोस्ट गुपचूप बदलू किंवा उडवू नका, तिचा स्क्रीनशॉट तोवर गावभर फिरलेला असतो. दुसऱ्या दिवशीच्या हिशोबात "पावती ६३: १०१ ऐवजी १५१, फरक ५० जमा" अशी ओळ घाला आणि त्याच्या कमेंटखाली तेच लिहा.

वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१क ची परवानगी लागते. तिचा क्रमांक पावतीवर आणि पेजवर दोन्हीकडे छापा.