‘ड्राइव्ह स्लो’मधली ‘-ली’ गेली कुठे?

‘मी इंग्रजी मेसेजमध्ये “स्पीक क्लिअर” लिहिलं, तर मित्राने “क्लिअरली हवं” म्हणून सुधारलं. मग “ड्राइव्ह स्लो” आणि “रन फास्ट” कसं चालतं?’

मित्राचं बरोबर आहे, पण त्याचा नियम तिन्ही शब्दांना लावता येत नाही. ‘फास्ट’ हे विशेषणही आहे आणि क्रियाविशेषणही. ‘फास्टली’ आजच्या इंग्रजीत कुणी वापरत नाही, त्यामुळे कितीही औपचारिक लेखन असलं तरी ‘रन फास्ट’च लिहायचं.

‘स्लो’बद्दल बहुतेकांना वाटतं, की ‘स्लोली’ची ‘-ली’ आळसाने गळाली. ती तिथे नव्हतीच. जुन्या इंग्रजीत विशेषणाच्या शेवटी एक छोटा स्वर जोडून क्रियाविशेषण होत असे. ‘फॅस्ट’ म्हणजे पक्का आणि ‘फॅस्टे’ म्हणजे पक्केपणाने. पुढे शब्दांच्या शेवटचा हा स्वर उच्चारातून गेला आणि दोन्ही रूपं सारखीच ऐकू येऊ लागली. ‘-ली’ हा प्रत्यय वेगळा होता, तो हळूहळू सगळीकडे पसरला. मग व्याकरणकार आले. रॉबर्ट लाउथ यांनी १७६२च्या आपल्या व्याकरणात क्रियाविशेषणाच्या जागी विशेषण वापरणं अयोग्य ठरवलं. शाळेत लागणारी लाल शाई त्याच परंपरेतली.

तरी ‘स्लो’ला मर्यादा आहे. तो क्रियापदानंतर आणि बहुतेक वेळा गतीच्या क्रियापदांसोबतच शोभतो. ‘द बस इज मूव्हिंग स्लो’ हे मेसेजमध्ये खुशाल लिहा. पण ‘त्याने हळूच दार उघडलं’ म्हणताना ‘ही स्लो ओपन्ड द डोअर’ होत नाही, तिथे ‘स्लोली’च लागतं. शब्द क्रियापदाच्या आधी नेऊन पाहिला, की लगेच कळतं.

‘क्लिअर’ क्रियाविशेषण म्हणून उरलाय तो ठरावीक जोड्यांत. ‘लाउड अँड क्लिअर’ चालतं. ‘स्टँड क्लिअर’ही चालतं, पण तिथे अर्थ ‘स्पष्ट’ नसून ‘दूर’ असा आहे. नुसतं ‘स्पीक क्लिअर’ मात्र इंग्रजी कानाला अपुरं वाटतं. आपल्याला ते खटकत नाही, कारण मराठीत ‘स्पष्ट बोल’ अगदी सहज आहे. ‘स्पष्टपणे बोल’ म्हटलं तर उलट जरा भाषणासारखं वाटतं!

मित्राला एक सांगा, दिसेल तिथे ‘-ली’ चिकटवू नकोस. ‘शी वर्क्ड हार्ड’ म्हणजे तिने कष्ट केले. ते सुधारून ‘शी हार्डली वर्क्ड’ केलं, तर तिने जेमतेमच काम केलं असा अर्थ होतो. ‘लेट’ आणि ‘लेटली’चंही तसंच. पहिला म्हणजे उशिरा, दुसरा म्हणजे अलीकडे.