कोनाचे त्रिभाजन आणि क्षेत्रविस्ताराची कोटी

प्रश्न: कंपास आणि खुणा नसलेली पट्टी वापरून कोणत्याही कोनाचे तीन समान भाग करण्याची सर्वसाधारण रीत का नाही?

उत्तर: कारण या साधनांनी मिळणाऱ्या प्रत्येक लांबीची परिमेय संख्यांच्या क्षेत्रावरील कोटी, म्हणजे ती लांबी ज्याचे मूळ आहे अशा परिमेय सहगुणकांच्या सर्वांत लहान बहुपदीचा घातांक, २ चा घात असते, तर ६०° च्या त्रिभाजनासाठी कोटी ३ असलेली लांबी लागते. रेषा आणि वर्तुळे यांचे छेदनबिंदू काढताना फार तर वर्गसमीकरण सोडवावे लागते. त्यामुळे प्रत्येक पायरीवर क्षेत्र, म्हणजे मिळालेल्या संख्यांपासून बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकाराने बनणारा संच, तेच राहते किंवा कोटी २ ने विस्तारते, आणि विस्तारांच्या कोटींचा गुणाकार होत असल्याने एकूण कोटी १, २, ४, ८ अशीच येते.

आता ६०° चा कोन घ्या. cos 3θ = 4cos³θ − 3cos θ या सूत्रात θ = 20° ठेवून y = 2cos 20° मानल्यास y³ − 3y − 1 = 0 हे समीकरण मिळते. त्याला परिमेय मूळ असलेच तर ते १ किंवा −१ असायला हवे. पण तेथे डाव्या बाजूची किंमत अनुक्रमे −३ आणि १ येते. परिमेय मूळ नसलेल्या त्रिघाती बहुपदीचे परिमेय सहगुणकांचे अवयव पडत नाहीत, म्हणून y ची कोटी नेमकी ३ आहे, आणि ३ ने २ च्या कोणत्याही घाताला भाग जात नाही. ही अशक्यता फ्रेंच गणिती प्येर वांत्सेल यांनी १८३७ मध्ये सिद्ध केली.

मात्र ही अशक्यता सर्वसाधारण रीतीची आहे, प्रत्येक कोनाची नव्हे: ९०° चे त्रिभाजन सहज होते, कारण ३०° चा कोन रचता येतो. पट्टीवर दोन खुणा करण्याची मुभा दिली, तर ६०° चेही होते.