जुन्या ग्राफिक्स कार्डची थर्मल पेस्ट घरी बदलावी का? स्क्रूवरचं स्टिकर फाटलं तर वॉरंटी जाते का?

*"माझं जीटीएक्स 1660 सुपर साडेतीन वर्षांचं आहे. गेम लावला की 83 डिग्रीला जातं आणि पंखे खूप आवाज करतात. पेस्ट घरी बदलू का? मागच्या एका स्क्रूवर स्टिकर आहे, ते फाटलं तर वॉरंटी जाईल का?"*

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी बिल काढा. भारतात बहुतेक कार्डांना 3 वर्षांची वॉरंटी असते, पण काही कंपन्या ऑनलाइन नोंदणी केली असेल तर ती 5 वर्षांपर्यंत वाढवतात. वॉरंटी संपली असेल तर स्टिकरचा प्रश्नच उरत नाही. शिल्लक असेल, तर कार्ड न उघडता सर्व्हिस सेंटरला द्या. ते स्टिकर कूलर काढला की नाही हे कळावं म्हणूनच लावलेलं असतं आणि काउंटरवर सगळ्यात आधी तेच बघतात. अमेरिकेत 2024 मध्ये तिथल्या ग्राहकांचं हित बघणाऱ्या एफटीसी या सरकारी संस्थेने झोटॅक, गिगाबाइट आणि अ‍ॅसरॉक यांना अशा स्टिकरांवरून इशारा दिला होता. पण तो तिथल्या वॉरंटी कायद्याच्या आधारावर होता, आपल्याकडच्या काउंटरवर तो दाखवून उपयोग नाही. बाहेरून पंख्यांवरची धूळ उडवायला मात्र स्टिकरला हात लावावा लागत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

कार्ड काढा, पंखा बोटाने धरून ठेवा (मोकळा सोडला तर हवेने भलत्याच वेगाने फिरतो, बेअरिंग बिघडू शकतं) आणि ब्लोअरने पट्ट्यांमधली धूळ मागून पुढे काढा. मग HWiNFO या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये `GPU Temperature` आणि `GPU Hot Spot Temperature` हे दोन आकडे गेम चालू असताना बघा. दुसरा आकडा चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या जागेचा असतो. निर्णय या दोघांमधल्या फरकावर घ्यायचा. 10 ते 15 डिग्रींचा फरक असेल तर पेस्ट ठीक आहे, तुमचा त्रास धुळीचा किंवा कॅबिनेटमधल्या कोंडलेल्या हवेचा आहे. फरक 20च्या वर असेल तर चिपच्या काही भागावर पेस्टच उरलेली नाही असं समजा. चिप रोज तापून थोडी फुगते, गार होऊन आकसते, आणि पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते.

तुमच्यासारखंच कार्ड एका मित्राचं होतं. 82 आणि 104. धूळ काढल्यावर 76 आणि 99 झालं, म्हणजे पंख्यांचा आवाज कमी झाला, पण फरक तसाच. पेस्ट बदलल्यावर 68 आणि 80. नुसता पहिला आकडा बघत बसलो असतो तर धुळीवरच समाधान मानलं असतं.

उघडायचंच ठरलं तर आधी दहा मिनिटं गेम चालवून कार्ड कोमट करा, म्हणजे वाळलेली पेस्ट सुटते. मग पीसी बंद करून कार्ड काढा. चिपभोवतीचे स्प्रिंगवाले चार स्क्रू तिरके तिरके, थोडे थोडे सैल करा. कूलर सुटत नसेल तर किंचित पिळा, मधे पाना घालून उचकटू नका. चिपच्या कडेला बारीक कपॅसिटर असतात, एक जरी तुटला तरी कार्ड जाऊ शकतं. पंख्याच्या वायरी ओढू नका, कनेक्टर धरून काढा. जुनी पेस्ट 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवीन पेस्ट पूर्ण चिपवर पातळ पसरवा. प्रोसेसरवर मधोमध एक ठिपका चालतो, कारण त्यावर झाकण असतं. ग्राफिक्स चिप उघडी असते, कोपरा कोरडा राहिला की तिथेच हॉटस्पॉट. पेस्ट घट्ट पोताची घ्या, पातळ पेस्ट काही महिन्यांत पुन्हा कडेला जाईल.

खरी गडबड होते ती पॅडमध्ये. मेमरी आणि व्हीआरएम, म्हणजे चिपला वीज पुरवणारे भाग, यांच्यावरचे मऊ पॅड फाटले नसतील तर ते तसेच राहू द्या, फक्त ज्या जागचे त्या जागी. फाटले तर जाडी मोजल्याशिवाय नवीन आणू नका. एकाच चिपच्या दोन कंपन्यांच्या कार्डांत 1 मिमी, 1.5 मिमी, 2 मिमी अशी वेगवेगळी जाडी सापडते, कधी एकाच कार्डातही. दबलेला भाग मोजू नका, पॅडची न दबलेली कड व्हर्नियरने मोजा. पॅड अर्धा मिमी जास्त जाड बसला तर कूलर चिपपासून उचललेला राहतो. मग नवीन पेस्ट लावूनही हॉटस्पॉट आधीपेक्षा वर दिसतो आणि लोक पेस्टच्या कंपनीला शिव्या देतात.

जोडल्यावर पहिल्याच गेममध्ये दोन्ही आकडे बघा. फरक वाढला असेल तर लगेच बंद करा, स्क्रू चारही बाजूंनी सारखे आवळले आहेत का ते तपासा, आणि ते बरोबर असतील तर पॅडची जाडी पुन्हा मोजा.