मेलेली माशी घेतलेला सापळा पुन्हा का उघडतो

«व्हीनस फ्लायट्रॅपला मेलेली माशी दिली. सापळा मिटला, पण दुसऱ्या दिवशी उघडला आणि माशी जशीच्या तशी. उपाशी राहू नये म्हणून कुंडीत थोडं खत घातलं, तर पानं काळी पडायला लागली. काय चुकलं?»

माशी मेलेली होती, इथेच गाडं अडलं. हा सापळा स्पर्श मोजतो.

सापळ्याच्या प्रत्येक पाकळीच्या आत बहुधा तीन बारीक ताठ केस असतात. एका केसाला धक्का लागला की पानातून एक विद्युत संदेश जातो आणि पेशींमधलं कॅल्शियम वाढतं, पण सापळा मिटण्याइतकं नाही. मग ते हळूहळू उतरू लागतं. साधारण 20 ते 30 सेकंदांच्या आत दुसरा धक्का लागला, तर उरलेल्या कॅल्शियममध्ये नवी भर पडते, मर्यादा ओलांडली जाते आणि सापळा सेकंदाच्या दहाव्या भागात मिटतो. पावसाचा थेंब किंवा वाळकं पान यांनी उगाच फसू नये म्हणून ही दुसऱ्या स्पर्शाची अट. मिटण्याचा वेग पाकळ्यांच्या आकारातून येतो. उघड्या असताना त्या बाहेरच्या बाजूला वाकून ताणलेल्या असतात आणि इशारा मिळताच उलट्या बाजूला वळतात.

तुम्ही माशी ठेवताना केसांना दोनदा धक्का लागला असणार, म्हणून सापळा मिटला. पण मिटणं म्हणजे खाणं नव्हे. या पहिल्या टप्प्यात कडेचे दाते फक्त एकमेकांत अडकतात आणि फटी राहतात. लहान मुंगी त्यातून निसटते, आणि तेही झाडाच्या पथ्यावरच पडतं, कारण एवढ्याशा घासासाठी आठवडाभर सापळा अडकवणं परवडत नाही. मोठा किडा आत धडपडतो, केसांना पुन्हा पुन्हा धडकतो. हे धक्के वाढले की पानात जॅस्मोनिक आम्ल तयार होतं आणि पाचेक धक्क्यांनंतर पाचक रसांची तयारी सुरू होते. मग कडा घट्ट चिकटतात आणि पानाचं बंद पोट होतं. आतल्या ग्रंथींतून आम्लयुक्त रस पाझरतो. त्यातली विकरं प्रथिनं फोडतात, किड्याचं कवचही थोडंफार विरघळवतात, आणि त्याच ग्रंथी नायट्रोजन, फॉस्फरस शोषून घेतात. साधारण आठवड्याने सापळा उघडतो तेव्हा आत पोकळ सांगाडा उरलेला असतो.

मला यातली सर्वात विलक्षण गोष्ट जॅस्मोनिक आम्लाची वाटते. इतर झाडांना अळीने कुरतडलं की बचावासाठी हाच संप्रेरक वाढतो, आणि कवच फोडणारी विकरंही मुळात बुरशी-किड्यांपासून रक्षण करणारी. बचावाचीच यंत्रणा या झाडाने शिकारीला जुंपली.

तुमच्या माशीने धडपड केली नाही, म्हणून सापळ्याने ती खोटी हाक समजून सोडून दिली. पुढच्या वेळी सापळा मिटल्यावर टूथपिकने बाहेरून मिनिटभर अगदी हलके दाबत राहा, म्हणजे आतले केस हलतील. किडा सापळ्याच्या एक तृतीयांशाएवढाच घ्या. पाय किंवा पंख कडेतून बाहेर राहिला तर तोंड नीट बंद होत नाही, आत बुरशी येते आणि सापळा कुजतो.

आता खत. हे झाड अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनाच्या किनारपट्टीवरच्या दलदलीतलं. तिथली माती म्हणजे वाळू आणि पीट, सदा ओली आणि आम्लधर्मी. पाण्याने भरलेल्या मातीत हवा कमी असते, त्यामुळे पालापाचोळा कुजून नायट्रोजन सुटा होण्याचं काम फार मंद चालतं. जे सुटतं तेही पाण्याबरोबर वाहून जातं किंवा जिवाणू त्याचा वायू करून टाकतात. ऊन आणि पाणी मुबलक, अडतंय फक्त नायट्रोजनपाशी, अशा जागीच सापळ्याचा खर्च भरून निघतो. खर्च मोठाच आहे, कारण सापळा झालेलं पान प्रकाशातून अन्न बनवण्यात साध्या पानापेक्षा कमी पडतं. सावलीत मिळालेला नायट्रोजन वापरायला ऊर्जा नसती, आणि कोरड्या जागी रस पाझरवणं जड गेलं असतं. म्हणजे किडा हे या झाडाचं खत आहे, ऊर्जा उन्हातूनच येते. भरपूर ऊन असेल तर किड्यांवाचूनही ते बराच काळ तग धरतं. त्याच्या मुळांना अशा गरीब मातीचीच सवय, म्हणून कुंडीतल्या खताचे क्षार त्यांना जाळतात. नळाच्या पाण्यातले क्षारही साठत साठत तेच करतात.

त्यामुळे आज पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी कुंडीतून भरपूर वाहून जाऊ द्या. शक्य असेल तर बिनखताच्या पीट आणि परलाइटमध्ये झाड हलवा, उन्हात ठेवा आणि महिनाभर काही खाऊ घालू नका. जुने सापळे काळे पडले तरी घाबरू नका, एक सापळा तसाही मोजक्याच शिकारी करून वाळतो. लक्ष ठेवा ते मधल्या कोंबावर. तो हिरवा आणि घट्ट असेल तर मुळं जिवंत आहेत. तो मऊ पडून काळा होत असेल, तर झाड उपसून मुळालगतचा पांढरा कंद तपासा आणि कुजलेला भाग कापून टाका.