पासवर्ड बदलायचाच आहे, तर सगळ्यांना साइन-आउट कशाला केलं?

प्रश्न: ऑफिसच्या ॲडमिनची नोटीस आलीये. काही खात्यांत घुसखोरीचा संशय आहे म्हणून सगळ्यांना साइन-आउट केलंय, नवा पासवर्ड ठेवा म्हणे. माझा पासवर्ड कुणालाच माहीत नाही, शिवाय ओटीपीही लागतो. मग हे दोन्ही कशासाठी?

उत्तर: मी हेच काम करतो आणि अशा नोटिसा पाठवल्याही आहेत. तुमची खबरदारी योग्यच आहे, पण चोर दोन वेगळ्या वाटांनी येऊ शकतो.

एकदा लॉगिन झालं की सर्व्हर तुमच्या ब्राउझरला एक टोकन देतो. पुढे पासवर्ड नाही, टोकनच तपासलं जातं. ते चोरीला गेलं तर चोराला ना पासवर्ड लागतो, ना ओटीपी. सप्टेंबर 2018 मध्ये फेसबुकच्या 'View As' सोयीतल्या त्रुटीतून असेच टोकन चोरीला गेले. फेसबुकने सुमारे 9 कोटी खाती साइन-आउट केली, पण पासवर्ड बदलायला सांगितलं नाही, कारण पासवर्ड गेलेच नव्हते.

लिंक्डइनचं 2012 मधलं प्रकरण उलट होतं. तिथे पासवर्डचे हॅश, म्हणजे पासवर्डपासून गणिताने बनवलेली सांकेतिक रूपं, चोरीला गेले, तेही सॉल्टशिवाय, म्हणजे प्रत्येक पासवर्डमध्ये वेगळी अक्षरं न मिसळता बनवलेले, त्यामुळे सोपे पासवर्ड भराभर ओळखता आले. तेव्हा सुमारे 65 लाख हॅश बाहेर दिसले आणि ज्या खात्यांना धोका आहे असं कंपनीला वाटलं त्यांचेच पासवर्ड रद्द झाले. 2016 मध्ये त्याच चोरीतली 11 कोटींहून जास्त खात्यांची माहिती विक्रीला आली. तुमचा पासवर्ड तुम्ही कुणाला सांगितला नसला, तरी त्याचा हॅश सर्व्हरवर असतोच. नक्की काय गेलं हे पहिल्या दिवशी कळत नाही, म्हणून ॲडमिन दोन्ही वाटा सगळ्यांसाठी बंद करतो. मला हेच बरोबर वाटतं.

साइन-आउटलाही मर्यादा आहे. मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये ॲडमिनने सेशन रद्द केले, तरी आधीच दिलेला ॲक्सेस टोकन मुदत संपेपर्यंत, म्हणजे साधारण तासभर, काही ठिकाणी चालू राहू शकतो. नोटीस आल्यावरही मेल थोडा वेळ उघडत राहिला तर गोंधळू नका.

पासवर्ड मात्र नोटिसीतल्या लिंकवरून बदलू नका. अशा बातमीचा फायदा घेऊन हुबेहूब खोटे मेलही येतात. नेहमीचा पत्ता स्वतः टाइप करून आत जा. नवा पासवर्ड जुन्यापुढे आकडा लावून केलेला नको, आणि जुनाच पासवर्ड बाहेर कुठे वापरला असेल तर तिथेही बदला.

मग मेलच्या सेटिंग्जमध्ये 'Rules' आणि 'Forwarding' उघडून बघा. हे बहुतेक जण विसरतात. आत शिरलेला चोर अनेकदा तुमचे मेल बाहेरच्या पत्त्यावर पाठवणारा नियम लावून ठेवतो, आणि पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच चालू राहतो. रिकव्हरीचा फोन नंबर आणि ओटीपीसाठी नोंदवलेली उपकरणंही तपासा. अनोळखी काही दिसलं तर पुसण्याआधी स्क्रीनशॉट काढून ॲडमिनला पाठवा. कोणाच्या खात्यात नेमकं काय झालं, हे शोधायला त्याला तो लागेल.